जयमालाबाईंचा फ्रीज आणि माझा

जयमालाबाईंचं पत्र जानेवारीत आलं होतं आणि मार्च अर्धा सरला तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांचं करंजाडे आणि माझं कामोठे यांच्यात रिक्षाचं अंतर आहे. फोनही दोघांकडे आहेत. पण बाई फोनवर मोकळं बोलत नाहीत. घर लहान आहे, आणि प्रत्येक शब्द सुनेच्या कानावर जातो. मला तर फोनवर समोरच्याचं बोलणं संपलं की नाही हेच कळत नाही. मी मध्येच बोलतो, मग थांबतो, मग दोघंही थांबतो. त्यामुळे आमचं आपलं पत्रावर चालतं.

पत्रात विचारलेलं साधंच होतं.

"गंगारामभाऊ, घरात फ्रीजवरून रोज कुरकुर आहे. अभय म्हणतो, हा बावीस वर्षांचा डबा वीज खातो, नवीन आणला तर पैसे वसूल होतील. मी म्हणते, चालतोय तोवर चालू दे. शेवटी मीच म्हटलं, आमच्या लायब्ररीतल्या सरांना विचारू, त्यांच्याकडे हाच फ्रीज आहे, ते सांगतील ते सगळ्यांनी ऐकायचं. अभय कबूल झालाय. तुम्ही नीट बघून सांगा. सोबत बिलाची झेरॉक्स पाठवतेय. उत्तराची वाट बघते."

हाच फ्रीज, हे खरं होतं. आम्ही दोघं एकाच कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. त्या बाहेर देवघेवीच्या खिडकीवर, मी आत कॅटलॉगकडे. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीने एका वर्षी एकाच मापाचे डझनभर फ्रीज एकदम घेतले. एका टेम्पोतून ते आले आणि कॉलेजच्या आवारात रांगेत उभे राहिले. ज्याला जो रंग आवडेल तो त्याने घ्यायचा होता. बाईंनी मरून रंगाचा घेतला. मी मागे राहिलो, म्हणून मला हिरवा मिळाला. आतून दोघांत काही फरक नव्हता. बाईंचे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते. स्वतःच्या पगारातून, कुणाला न विचारता, एवढी मोठी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच घेतली होती. फ्रीजच्या दारावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "हा माझ्या नावावर आहे बरं का भाऊ."

आता त्यांच्या स्वयंपाकघरात ओटा सुनेचा, गॅस सुनेचा, मिक्सर सुनेचा. त्यांच्या मुलाची, अभयची बायको मैत्री वाईट मुलगी नाही. ती बँकेत जाते, घाईत असते. पण बाईंनी मागच्या एका पत्रात लिहिलं होतं की आता स्वयंपाकघरात त्यांना विचारून एकच गोष्ट होते, ती म्हणजे फ्रीजमधल्या वस्तू लावणं. मी काय उत्तर द्यावं असं त्यांना वाटत होतं, ते मला ठाऊक होतं. मलाही तेच द्यायचं होतं. म्हणूनच मी ते लिहू शकत नव्हतो. मनासारखं उत्तर आलं की मला आधी स्वतःचा संशय येतो.

शेवटी नुसता विचार करून भागणार नाही म्हणून मी सेक्टरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो आणि प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणलं. ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं, वस्तूची पिन त्यात खोचायची, मग त्या एकट्या वस्तूने किती युनिटं घेतली ते पडद्यावर दिसतं. दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे काका? भाडेकरू ठेवलाय का?" मी नाही म्हटलं. सुटे पैसे न मोजताच निघालो.

घरातल्या एकेका वस्तूची वीज मी मोजली. ट्यूबलाइटची वॉटं तिच्यावरच छापलेली असतात. ती किती तास जळते ते धरलं की झालं. पंख्याचंही तसंच. टीव्ही मी बातम्यांपुरता लावतो, त्याचं मीटरवर फारसं काही उमटलंच नाही. इस्त्री लावली की आकडा एकदम उडतो, पण ती आठवड्यातून एकदा. फ्रीजला मात्र वॉट गुणिले तास हा हिशेब लागू पडत नाही. त्याचा कॉम्प्रेसर थोडा वेळ घुरघुरतो, थंडावा पुरेसा झाला की गप्प बसतो, मग पुन्हा सुरू होतो. किती वेळ चालला आणि किती वेळ गप्प राहिला, हे बाहेर बसून कळत नाही. म्हणून त्याला मीटर लावून सलग काही दिवस तसंच ठेवावं लागतं, आणि एकूण युनिटांना दिवसांनी भागावं लागतं. माझ्या फ्रीजला अजून जुना स्टॅबिलायझर आहे. तोही स्वतःपुरती थोडी वीज घेतो, म्हणून मीटर स्टॅबिलायझरच्या आधी लावलं.

आठवडाभर मी ते बघत होतो. खरं सांगायचं तर घरात बघायला दुसरं फारसं काही नव्हतं. वाचत बसलो की मध्येच उठून पडद्यावरचा आकडा बघायचा, पुन्हा येऊन वाचायचं.

फ्रीज दिवसाला साधारण सव्वा युनिट घेत होता. घरातल्या सगळ्या वस्तूंत त्याचाच नंबर पहिला. पंखा दुसरा, बाकी सगळे किरकोळ. माझं अर्धं बिल एकट्या फ्रीजचं होतं. पण प्रश्न तो नव्हता. नवीन घेतला तर किती वाचेल, हा होता. मी मॉलमधल्या दुकानात जाऊन तेवढ्याच मापाच्या नव्या फ्रीजवरचं ताऱ्यांचं लेबल वाचून आलो. वर्षाला एकशे ऐंशी युनिटं, म्हणजे दिवसाला अर्धं. वाचणार पाऊण युनिट. माझ्या बिलात युनिट साधारण सहा रुपयांना पडतं. वर्षाचे झाले सोळाशे रुपये. नवा फ्रीज पंधरा-सोळा हजारांचा. वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं.

मी तीनदा गुणाकार केला. नऊ-दहा वर्षं. तोवर नवाही जुना होईल. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. "जयमालाबाई, फ्रीज बदलू नये. आकडे सोबत जोडले आहेत." पाकीट बंद केलं, पत्ता घातला. मन हलकं झालं. बाई ते पत्र अभयसमोर मोठ्याने वाचतील, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. संध्याकाळ झाली होती, म्हणून पत्र सकाळी टाकू म्हटलं.

त्याच संध्याकाळी समोरच्या घरातली खदीजा आली. तिचे यजमान ताजुद्दीन मासळीच्या व्यापारात आहेत, आणि ती घरून डबे करून देते. मूळची श्रीवर्धनकडची माणसं. चार वर्षं समोर राहतात. जिन्यात भेटलं की ती बोलते, मी मान हलवतो.

"काका, एक काम होतं. आज हादियाचा बर्थडे हाय. केक आमच्या फ्रीजमधे बसंना. तुमच्याकडे ठेवू काय रात्रीपर्यंत?"

"ठेवा की."

तिने फ्रीज उघडला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. आत दुधाची पिशवी, एक वाटी आमटी, चार मिरच्या आणि पाण्याची एक बाटली होती.

"काका, तुमी गावाला चाललाय काय कुठं?"

"नाही. का?"

"नाय, फ्रीज आवरून ठेवलाय म्हणून विचारलं."

"तो असाच असतो."

केकचा खोका आत गेला, मागून सरबताच्या बाटल्या आल्या, गुलाबजामचं भांडं आलं. भांडं अजून कोमट होतं. मग हादिया आणि तिच्या मैत्रिणी बर्फाला, पाण्याला, पुन्हा बर्फाला अशा येत राहिल्या. "आजोबा, तुमचा बर्फ लवकर होत नाय," असं हादियाने मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, "त्याला सवय नाही." ती हसली. मी विनोद केला होता हे मला नंतर कळलं.

सकाळी पत्र घेऊन निघताना सवयीने मीटर बघितलं. एका दिवसात दोन युनिटांच्या वर गेलं होतं. आधी वाटलं मीटर बिघडलं. मग खुर्चीवर बसलो आणि हळूहळू लक्षात आलं.

फ्रीजचं दार उघडलं की आतली गार हवा खाली ओघळून बाहेर पडते आणि खोलीतली गरम हवा तिची जागा घेते. कोमट भांडं आत ठेवलं तर त्याची ऊब फ्रीजलाच बाहेर काढावी लागते. गार पाण्याच्या बाटल्या नेल्या आणि साध्या पाण्याच्या भरून ठेवल्या की पुन्हा पहिल्यापासून काम. कॉम्प्रेसरला गप्प बसायला वेळच मिळत नाही. माझ्याकडे तो बहुतेक वेळ गप्पच बसतो, कारण दिवसातून तीन-चारदा दार उघडतं. तेही मीच उघडतो. मी जे सव्वा युनिट मोजलं होतं, ते त्या फ्रीजचं होतं हे खरं, पण ते माझ्या घरातलं होतं. एका माणसाच्या, दुधाच्या एका पिशवीच्या घरातलं.

बाईंच्या घरात सहा माणसं आहेत. अभय, मैत्री, दोन नातवंडं, मैत्रीची आई राजलक्ष्मीबाई आणि त्या स्वतः. बाईंनीच एकदा लिहिलं होतं की नातवंडं शाळेतून आली की फ्रीजचं दार लागतच नाही.

मी पाकीट फोडलं. मग बिलाची झेरॉक्स पुन्हा काढली, आणि दुसरी चूक सापडली. ती तर समोरच होती. मी दर माझ्या बिलातला लावला होता. माझी युनिटं महिन्याला पाऊणशे, त्यामुळे सगळी पहिल्या, स्वस्त टप्प्यातली. त्यांची पावणेतीनशेच्या वर. शंभरच्या पुढच्या युनिटाला दर जवळजवळ दुप्पट. वीज वाचवली की ती आधी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते. म्हणजे त्यांचं प्रत्येक वाचलेलं युनिट बारा रुपयांचं होतं. मी सगळं स्वतःवरून मोजलं होतं. मला दुसरं घर कसं असतं ते आठवलंच नव्हतं.

पण एका वाढदिवसावरून निर्णय देणंही बरोबर नव्हतं. वाढदिवस रोज नसतो. खरं उत्तर हवं असेल तर माझा फ्रीज काही दिवस भरल्या घरातल्यासारखा चालायला हवा होता. ते माझ्या एकट्याच्याने होण्यासारखं नव्हतं. मी स्वतः उगाच दार उघडझाप करून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात एकटाच असं करत उभा असलेला म्हातारा मला बरा दिसला नाही.

समोरच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा खदीजानेच दार उघडलं.

"काका, काय पाहिजे काय? मघापासून चपलांचा आवाज येतोय."

"तुमच्या वस्तू… म्हणजे डब्यांचं सामान… माझ्या फ्रीजमध्ये ठेवाल का? आठवडाभर?"

"आमच्या वस्तू? तुमच्याकडे?"

"हो. आणि वरचेवर काढायला, ठेवायला यायचं. घरच्यासारखं."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "काका, तब्येत बरी हाय ना? घाबरून नका जाऊ, सांगा. रात्रीचं एकटं वाटतं काय?"

"नाही, नाही. मला वीज मोजायची आहे."

मग सगळं सांगावं लागलं, दारातच. मीटर, मरून फ्रीज, सव्वा युनिट. आतून ताजुद्दीनभाई जेवता जेवता ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, लोक वीज वाचवायला मोजतात, काका वाढवून मोजतायत. ठेव तू सामान. आपलं बिल कमी येईल."

"बांगडा चालंल काय काका? वास राहतो हां."

"चालेल."

त्या आठवड्यात माझ्या घराचं दार दिवसा उघडंच राहिलं. मळलेलं पीठ, मसाला लावलेली मासळी, नारळाचं दूध, दही, कोथिंबिरीच्या जुड्या. खदीजा पहाटेपासून यायची. आधी विचारून, मग न विचारता. "काका, तुमच्या मिरच्या वापरल्या हां, नवीन ठेवते." हादिया शाळेतून आली की आधी माझ्याकडे पाणी प्यायची, मग घरी जायची. एकदा मी आतल्या खोलीत वाचत होतो, तेव्हा बाहेर दोघी मायलेकी फ्रीजसमोर दह्यावरून भांडत होत्या. मी पान उलटलंच नाही. ऐकत बसलो. रोज रात्री एका वाटीत काहीतरी माझ्यासाठी ठेवलेलं असायचं, आणि त्यावर झाकण.

पडद्यावरच्या आकड्याकडे बघायला मी विसरू लागलो. एक दिवस तर बघितलंच नाही.

आठवडा झाला. दिवसाला दोनाला थोडी कमी युनिटं पडली. नव्या फ्रीजच्या लेबलावरचं अर्धं युनिटही दार बंद ठेवून मोजलेलं असतं, म्हणून भरल्या घरासाठी ते पाऊण धरलं. तरी दिवसाला एका युनिटाहून जास्त वाचत होतं. वर्षाला चारशेच्या वर, बारा रुपयांनी. सुमारे पाच हजार. तीन-सव्वातीन वर्षांत नवा फ्रीज वसूल.

मी हिशेब उलटा करून पाहिला, दर कमी धरून पाहिला, नव्याची किंमत वाढवून पाहिली. चार वर्षांच्या पुढे तो जाईना. अभयचं बरोबर होतं.

त्या रात्री मी बराच वेळ दोन्ही कागद समोर ठेवून बसलो. पहिला कागदही खोटा नव्हता. हाच फ्रीज, खरं मीटर, खरी युनिटं. तो पाठवला असता तर कुणी मला खोटं पाडलं नसतं. बाईंचा फ्रीज राहिला असता आणि त्यांनी मला आभाराचं पत्र लिहिलं असतं. दुसरा कागद पाठवला तर त्या पुन्हा लिहितील की नाही, याचीच शंका. मला येणारी पत्रं म्हणजे त्यांचीच. बाकी बँकेची आणि विम्याची.

पण त्यांनी "नीट बघून सांगा" असं लिहिलं होतं. "माझ्या बाजूने सांगा" असं लिहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं होतं, आणि ते मी हिशेब वळवीन म्हणून घेतलं नसणार. निदान मला तसं वाटायला हवं होतं.

सकाळी खदीजा मोठी परात घेऊन आली आणि एकेक वस्तू काढू लागली.

"झालं ना काका तुमचं मोजून? उगाच तुमाला आठवडाभर त्रास दिला. आता हे पण मोठा फ्रीजर आनतायत धंद्याचा, सेकंडहँड."

त्रास झाला नाही, राहू द्या, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. शब्दही जुळवले होते. पण ती दह्याचं भांडं तोलत होती, घाईत होती, आणि मी म्हटलं, "हो, झालं."

"नंबर बरोबर आला ना?"

"बरोबर आला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पायाने दार ढकलून गेली. फ्रीजमध्ये दूध, वाटी, मिरच्या. दुपारी मीटर बघितलं, तर कॉम्प्रेसर गप्प होता. दोन दिवसांत आकडा पुन्हा सव्वावर आला. मी मीटर काढून कपाटात ठेवलं.

मग मी बसून लिहिलं.

"जयमालाबाई, सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करा. माझ्या घरात हा फ्रीज बदलणं परवडत नाही. तुमच्या घरात परवडतं. फ्रीज एकच असला तरी तुमच्याकडे त्याला काम जास्त आहे आणि वीजही महाग पडते. नवा घेतलात तर तीन-चार वर्षांत पैसे निघतील. हिशेब वेगळ्या कागदावर आहे, तो अभयला दाखवा. त्याला चूक सापडली तर मला कळवायला सांगा. त्यात चूक असावी असं मला फार वाटत होतं, पण सापडली नाही."

इथे थांबावंसं वाटत होतं. पण आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता, आणि तीच लिहायला सर्वांत कठीण गेली. बाईंचा स्वभाव मला माहीत आहे. नवा आला तरी जुना गॅलरीत राहू दे, लोणच्याला होईल, असं त्या म्हणणार.

"जुना मात्र गॅलरीत चालू ठेवू नका. तसं केलं तर वाचणार काहीच नाही, उलट दोन्हींची वीज लागेल. एक्सचेंजमध्ये देऊन टाका. तुम्हाला हे कसं वाटेल ते मला कळतं. नव्या फ्रीजमध्ये वस्तू तुम्हीच लावायच्या, असं अभयला माझं नाव सांगून बजावा. माझं ऐकायचं असं त्याने कबूल केलंय, तर हेही त्यात धरा."

शेवटी "कधी कामोठ्याकडे आलात तर" असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते समजेना. माझ्याकडे त्यांना दाखवण्यासारखं काय आहे? त्यांच्यासारखाच एक फ्रीज. खूप वेळ पेन हातात धरून बसलो. मग ते वाक्य खोडायला गेलो, पण खोडलेलं वाक्य त्या उजेडाला धरून वाचतील, म्हणून पुरं केलं. "कधी कामोठ्याकडे आलात तर घरी या. मी असतोच."

पाकिटाला डिंक लावला. मनात शंका यायच्या आत चपला घातल्या. खाली ऊन उतरत होतं. पोस्टाच्या पेटीपाशी एक माणूस मोटारसायकल टेकवून फोनवर बोलत होता. त्याला बाजूला व्हायला सांगण्याऐवजी मी त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबलो. तो गेल्यावर पत्ता पुन्हा वाचला, पिनकोड तपासला, आणि पत्र पेटीत टाकलं.